स्थळासाठी फोटो: आठ-दहा फोटोंतून नेमका कोणता पाठवायचा?

बायोडाटा तयार होतो, पत्रिकेची प्रत जोडली जाते आणि मग फोटोपाशी येऊन गाडी अडते. आईला लग्नात काढलेला साडीतला फोटो हवा असतो, मुलीला स्वतःचा सेल्फी आवडतो, भाऊ म्हणतो स्टुडिओत जाऊन एकदाच चांगला काढून घे. दोन-तीन दिवस हे चालतं आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा फोटो जातो. मुलाच्या घरीही वेगळं काही घडत नाही, फक्त साडीच्या जागी ब्लेझर येतो.

नवा फोटो कसा काढायचा हा या लेखाचा विषय नाही. हाताशी जे फोटो आहेत त्यांतून स्पष्ट आणि नैसर्गिक फोटो कसा निवडायचा, एवढंच इथे पाहायचं आहे. माझ्या पुतणीचे फोटो आम्ही याच पद्धतीने निवडले, म्हणून तेच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवते.

निवडीला बसण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट मान्य करून टाकावी. स्थळाच्या फोटोचं काम सुंदर दिसणं हे नाही. पहिल्या भेटीत दार उघडल्यावर समोरच्या माणसाला क्षणभरही "हीच का ती?" असं वाटू नये, हे त्याचं काम आहे. फोटोत जास्त देखणी दिसलेली मुलगी किंवा मुलगा प्रत्यक्ष भेटीत विनाकारण उणा ठरतो. तीच व्यक्ती आधी साध्या फोटोत पाहिलेली असती तर भेटीत छानच वाटली असती. ते नुकसान आपणच ओढवून घेतलेलं असतं.

आधी फोटो गोळा करा, तेही मूळ फाइलमधले

स्वतःच्या फोनमधल्या फोटोंवर थांबू नका. आपल्या फोनमध्ये आपले सेल्फीच जास्त असतात. चांगले फोटो बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या फोनमध्ये असतात, कारण ते दुसऱ्यांनी, थोड्या अंतरावरून, आपलं लक्ष नसताना काढलेले असतात. भावंडं, मैत्रिणी, ऑफिसमधले सहकारी यांच्याकडे गेल्या सहा-आठ महिन्यांतले फोटो मागा. आठ ते बारा फोटो पुरेत. वीसच्या वर गेले की डोळे थकतात आणि सगळेच सारखे वाटू लागतात.

फोटो मागताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं आवर्जून सांगा. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. फोनच्या पडद्यावर तो ठीक दिसतो, पण त्यातून एकाच माणसाचा भाग कापायचा म्हटलं की चेहरा पुसट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. या फरकाने आमच्याकडे पुढे निवडच पालटली, ते ओघात येईल.

पुतणीचे नऊ फोटो जमले. बहिणीच्या लग्नातला मेकअप केलेला, गाडीत बसून काढलेला सेल्फी, स्टुडिओतला, ऑफिसच्या कार्यक्रमातला, सहलीतला गॉगल घातलेला, दोन वर्षांपूर्वीच्या वाढदिवसाचा, घरात खिडकीपाशी भावाने काढलेला, बागेत मैत्रिणीशेजारी बसलेला आणि गच्चीवर संध्याकाळी उभं राहून काढलेला. प्रत्येकाला क्रमांक दिला. हे साधं वाटतं, पण क्रमांक दिले की "तो तुझा लाडका फोटो" अशी भाषा थांबते आणि बोलणं फोटोवर राहतं.

पहिली चाळणी: आजची व्यक्ती दिसते का?

ही चाळणी भरभर करा. गॉगल, टोपी किंवा चेहऱ्यावर आलेले केस यांनी डोळे झाकले असतील तर फोटो बाजूला. वजन, केस, दाढी, चष्मा यांत ठळक बदल झाला असेल तर फोटो कितीही सुंदर असो, बाजूला. पुतणीचा वाढदिवसाचा फोटो घरात सगळ्यांचा आवडता होता, पण तेव्हा तिचे केस कमरेपर्यंत होते आणि चष्मा नव्हता. आता केस खांद्यापर्यंत आहेत आणि चष्मा दिवसभर डोळ्यांवर असतो. तो फोटो आणि गॉगलचा फोटो पाच मिनिटांत बाद झाले.

चष्म्याबद्दल घरोघरी वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे. रोज लावत असाल तर मुख्य फोटोत चष्मा हवाच. कायम चष्मा लावणारा माणूस तो काढून कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा एकतर डोळे बारीक करतो किंवा त्याची नजर हरवल्यासारखी दिसते. शिवाय नाकावर चष्म्याच्या खुणा राहतात त्या वेगळ्याच. मात्र काचेवर दिव्याचं किंवा खिडकीचं पांढरं प्रतिबिंब येऊन बुबुळ झाकलं गेलं असेल तर तो फोटो चालणार नाही.

लग्नातला मेकअपचा फोटो आम्ही तिथल्या तिथे बाद केला नाही, पण पहिल्या जागेसाठी त्याचा विचार थांबवला. तिला रोज पाहणाऱ्या माणसालाही त्या फोटोत ती ओळखायला एक क्षण जास्त लागत होता.

दुसरी चाळणी: कॅमेरा किती जवळ होता?

सेल्फी का टाळायचा याचं कारण बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगते. फोन हातात धरून काढलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम एक-दीड फुटावर असतो. इतक्या जवळून पाहिलं की नाक कॅमेऱ्याच्या कितीतरी जवळ आणि कान त्या मानाने बरेच लांब येतात. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे नाक आणि चेहऱ्याचा मधला भाग फुगतो, कान मागे लपतात आणि चेहरा अरुंद होतो. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी 2018 मध्ये हे गणिताने मांडून दाखवलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के रुंद भासतं. स्थळ बघायला येणारी माणसं आपल्यापासून पाच-सहा फुटांवर बसतात. त्यामुळे फोटोही साधारण तेवढ्याच अंतरावरचा असला की चेहरा जुळतो.

फोटो जवळून काढलाय की लांबून, हे फोटोत बघून ओळखता येतं. दोन्ही कानांकडे पाहा. समोर बघतानाही कान जवळजवळ दिसत नसतील, कपाळ किंवा हनुवटी पुढे आल्यासारखी वाटत असेल आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर उचललेला असेल, तर तो हाताने काढलेला सेल्फी आहे. कोणी तिसऱ्याने काढलेला फोटोही फार जवळून काढला असेल तर हाच दोष येतो.

सेल्फीत आणखी एक गुंता असतो. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहिलेलं असतं, म्हणजे डावं-उजवं उलट. बरेच फोन समोरच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर आरशासारखं दाखवतात, काही फोन तसंच साठवूनही ठेवतात. म्हणून सेल्फी आपल्याला "आपला" वाटतो आणि दुसऱ्याने काढलेला फोटो वाकडा. 1977 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात हे तपासलं होतं. लोकांना स्वतःचा उलटा, आरशातला फोटो जास्त आवडला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ फोटो आवडला. पुतणीही खिडकीजवळचा फोटो बघून म्हणाली, "काकू, यात माझा भांग चुकीच्या बाजूला वाटतोय." भांग बरोबरच होता, तिच्या आरशातला तेवढा उलटा होता. मुलगा किंवा मुलगी एखाद्या चांगल्या फोटोला "काहीतरी चुकतंय" म्हणत असेल आणि काय चुकतंय ते सांगता येत नसेल, तर बहुधा कारण हेच असतं.

उभ्या, पूर्ण फोटोसाठी कॅमेऱ्याची उंची बघा. उंच माणसाने डोळ्यांच्या पातळीवर फोन धरून फोटो काढला की समोरच्या व्यक्तीचं डोकं मोठं आणि पाय आखूड होतात. गुडघ्यावर बसून काढला की उलट, पाय लांबच लांब. कॅमेरा कमरेपासून छातीपर्यंतच्या पातळीवर असेल तर उंची खरी वाटते. बायोडाट्यात उंची लिहिलेली असतेच, त्यामुळे फोटोतली खोटी उंची लगेच लक्षात येते.

तिसरी चाळणी: उजेड आणि फिल्टर

फोटो मोठा करून फक्त डोळे बघा. बुबुळात उजेडाचा लहानसा पांढरा ठिपका दिसतोय का? तो दिसला तर चेहऱ्यावर समोरून किंवा बाजूने पुरेसा उजेड आहे. तो नसेल आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली असेल, तर उजेड डोक्यावरून पडलाय. भर दुपारच्या उन्हात किंवा छतावरच्या दिव्याखाली असं होतं आणि धडधाकट माणूसही आजारी दिसतो. मग पापण्यांकडे पाहा. पापणीचे केस सुटे दिसत असतील तर फोटो खरोखर स्पष्ट आहे. ते एकमेकांत मिसळून काळी पट्टी झाली असेल तर फोटो हललाय किंवा कमी उजेडात काढलाय. कमी उजेडात फोनचा कॅमेरा चित्रातले दाणे पुसून टाकतो, त्यासोबत त्वचेचा पोतही जातो आणि चेहरा मेणाचा वाटतो. ऑफिसच्या कार्यक्रमातला फोटो इथेच गेला. मंचावरच्या पिवळ्या दिव्यांनी रंग बदलला होता आणि पापण्यांची पट्टी झाली होती.

फिल्टर ओळखणं थोडं अवघड झालंय, कारण अनेक फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधीपासूनच चालू असते आणि काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मी सगळ्यात आधी हात बघते. फोटोत हात दिसत असतील तर हाताची आणि चेहऱ्याची त्वचा शेजारी ठेवून पाहा. उजेडामुळे थोडा फरक असतोच, पण चेहरा दोन छटा उजळ आणि एकसारखा सपाट, हात मात्र नेहमीचे सावळे आणि रेषांचे, असं असेल तर चेहऱ्यावर काम झालंय. मानेवर हनुवटीखाली रंगाची सीमारेषा दिसते का तेही बघा. चेहरा बारीक केला असेल तर मागची सरळ रेघ वाकते. दाराची चौकट, खिडकीचा गज, भिंतीची कड गालाजवळ आल्यावर आत वळलेली दिसते. मागचं सगळं धूसर करणाऱ्या मोडमध्ये केसांच्या टोकांशी आणि चष्म्याच्या दांडीपाशी कापल्यासारखी कड राहते. थोडी असेल तर हरकत नाही. अर्धा कान धूसर झाला असेल तर चालणार नाही.

पुतणीचा स्टुडिओतला फोटो या परीक्षेत पडला. काढणाऱ्याने मेहनत घेतली होती, उजेड उत्तम होता, पण नंतर त्यावर इतकं काम केलं होतं की डाव्या भुवईवरची लहानपणची खूणसुद्धा गेली होती. चेहरा गोरा आणि मांडीवर ठेवलेले हात गव्हाळ. तिच्या आईला तो आवडला होता, म्हणून आम्ही तो मोठा करून हातांसह तिला दाखवला. तिने स्वतःच तो बाजूला ठेवला. रंग उजळवलेला फोटो पाठवण्याला माझा ठाम विरोध आहे. त्यातून मुलीला किंवा मुलाला घरच्यांकडूनच एक संदेश जातो, की तुझा रंग लपवण्यासारखा आहे. आणि ज्या घराला रंगाची अडचण आहे, ते घर भेटीनंतर कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

किरकोळ सुधारणा मात्र खुशाल करा. वाकडा फोटो सरळ करणं, कडा कापणं, एकूण उजेड थोडा वाढवणं यात काही गैर नाही. आठवड्यात जाणारी पुटकुळी काढली तरी चालेल. तीळ, व्रण, वांग, डोळ्यांखालची रोजची रेघ तशीच राहू द्या. आपल्यासोबत जे भेटीला येणार आहे, ते फोटोतही असू द्यावं.

चौथी पायरी: निवडणारा माणूस बदला

आता आमच्याकडे तीन फोटो उरले. खिडकीजवळचा, बागेतला आणि गच्चीवरचा. बहुतेक घरं इथे मतदान घेतात आणि फसतात, कारण घरातली माणसं या कामाला सगळ्यात कमी लायक असतात. त्यांना चेहरा इतका पाठ असतो की कुठलाही फोटो त्यांना तिचाच वाटतो.

अनोळखी माणसाचं तसं नसतं. ब्रिटनमध्ये 2011 साली एक प्रयोग झाला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी वीस, असे चाळीस फोटो लोकांपुढे मिसळून ठेवले आणि एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे करायला सांगितलं. त्या दोघींना न ओळखणाऱ्या लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले, म्हणजे त्यांना त्यात सात-आठ वेगवेगळ्या स्त्रिया दिसल्या. ज्या डच लोकांना त्या माहीत होत्या त्यांनी बहुतेक वेळा बरोबर दोनच गठ्ठे केले. स्थळाकडची माणसं ही पहिल्या गटातली असतात आणि आपण दुसऱ्या गटातले. आपल्याला "सगळ्यांत तीच तर आहे" असं वाटतं, तेव्हा त्यांना चार फोटोंत चार मुली दिसत असू शकतात.

मग निवड कोणी करायची? ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासाने याचं उपयोगी उत्तर दिलं आहे. लोकांना स्वतःचे फोटो "हुबेहूब मी" या क्रमाने लावायला सांगितले. मग त्यांना आधी कधी न पाहिलेल्या माणसांना त्यांचा एक लहानसा व्हिडिओ दाखवला आणि तेच फोटो लावायला सांगितले. अनोळखी माणसांनी निवडलेल्या फोटोंवरून तिसऱ्याच लोकांना ती व्यक्ती जास्त अचूक ओळखता आली. स्वतः निवडलेले फोटो ओळख पटवायला कमी पडले.

हे घरी करता येतं. मुलाचा किंवा मुलीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. दिवसाच्या उजेडात, पाच-सहा फुटांवरून, आणि तो बोलत असताना. विषय काहीही चालेल, आज ऑफिसला जाताना काय झालं हेही पुरे. फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने काढा, फिल्टर नको. मग ज्यांनी या व्यक्तीला पाहिलेलं नाही किंवा एखाद-दुसऱ्या वेळीच पाहिलंय, अशा विश्वासातल्या तीन-चार जणांना तो आपल्या फोनवर दाखवा. भावाच्या ऑफिसमधली मैत्रीण, काकांचे स्नेही, असं कोणी. व्हिडिओ कुणाला पाठवू नका, समोर बसून दाखवा. त्यांना "कोणता फोटो छान?" असं विचारू नका, कारण मग ते कपड्यांवर आणि पार्श्वभूमीवर बोलू लागतात. प्रश्न एकच ठेवा: "ही आत्ता पाहिलेली मुलगी कोणत्या फोटोत सगळ्यात जास्त तीच वाटते?" प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, म्हणजे पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी येत नाही.

आमच्या घरात सगळ्यांची पसंती खिडकीजवळच्या फोटोला होती. उजेड मऊ, चेहरा शांत, मान किंचित वळलेली. बागेतला फोटो कुणाच्या खिजगणतीत नव्हता, कारण त्यात मैत्रीण होती आणि पुतणीची एक बट कपाळावर आली होती. ज्या चार जणांना व्हिडिओ दाखवला त्यांतल्या तिघांनी मात्र बागेतलाच उचलला. कारण विचारल्यावर एक जण म्हणाली, "बोलताना ती अशीच दिसते. या दुसऱ्या फोटोत ती फोटो काढून घेतेय." बागेत ती मैत्रिणीचं ऐकत हसत होती. त्या हसण्यात गाल वर जाऊन डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. "हसा" म्हटल्यावर येणाऱ्या हसण्यात फक्त ओठ ताणले जातात, डोळे तसेच राहतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते खटकतं.

पाचवी पायरी: कापणं आणि लहान करून बघणं

बागेतल्या फोटोतून मैत्रिणीला वगळायचं होतं. तिची परवानगी असली तरी दुसऱ्या मुलीचा चेहरा स्थळाच्या फोटोत नसावा, गोंधळही होतो आणि ते तिच्या दृष्टीने बरोबरही नाही. पहिल्यांदा आम्ही व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा आलेला फोटो कापून पाहिला. त्याची रुंदी 1600 पिक्सेल होती आणि पुतणीचा भाग साधारण एक तृतीयांश, म्हणजे 530 च्या आसपास. बायोडाट्यात दोन इंच रुंदीचा फोटो नीट छापायचा तर इंचाला 300 च्या हिशेबाने 600 पिक्सेल लागतात. ते कमी पडले आणि छापल्यावर पापण्या पुसट आल्या. मैत्रिणीकडून मूळ फाइल मागवली, तिची रुंदी 4000 होती. तोच भाग कापला तेव्हा 1300 च्या वर मिळाले आणि कपाळावरची बटसुद्धा केसागणिक दिसू लागली. मूळ फाइल मागितली नसती तर हा फोटो "अस्पष्ट" म्हणून बाद झाला असता.

कापताना कुठे कापायचं यालाही महत्त्व आहे. मुख्य फोटो डोक्याच्या थोडा वरपासून छातीपर्यंत असावा. डोक्यावर बोटभर मोकळी जागा सोडा. गळ्यापाशी, मनगटापाशी किंवा कोपरापाशी कापलं की तो अवयव तुटल्यासारखा वाटतो, दंडाच्या मध्यावर कापा. शेजारच्या माणसाचा हात खांद्यावर असेल तर तो पूर्ण काढता येतो का पाहा. हात उरणारच असेल तर तो फोटो सोडून द्या, कारण बघणाऱ्याचं लक्ष त्या बोटांवर जातं. आमच्या फोटोत कडेला मैत्रिणीचे थोडे केस येत होते, कड अर्धा इंच आत घेतली आणि प्रश्न मिटला.

मग फोटो लहान करून बघा. बहुतेक माणसं तो पहिल्यांदा चॅटमधल्या छोट्या चौकटीत किंवा विवाह संकेतस्थळावरच्या नखाएवढ्या चित्रात पाहणार असतात. फोटो स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, फोन हात लांब करून धरा आणि चष्मा लावणाऱ्या एखाद्या आजी-आजोबांना दाखवा. डोळे, नाक, हसू न ताणता कळलं पाहिजे. खिडकीजवळच्या फोटोत चेहरा चौकटीच्या पाचव्या हिस्स्याएवढाच होता, लहान केल्यावर खिडकीच दिसत होती. बागेतल्या कापलेल्या फोटोत चेहऱ्याने चौकटीची जवळजवळ अर्धी उंची व्यापली होती.

बाकीचे दोन फोटो

तीन फोटो पुरेत. बागेतला मुख्य, गच्चीवरचा पूर्ण उभा, आणि तिसरा खिडकीजवळचा. तिन्हींत एकच व्यक्ती दिसते ना, हे पुन्हा एका अनोळखी नजरेकडून तपासा. लग्नातला मेकअपचा फोटो आईच्या आग्रहाखातर चौथा म्हणून ठेवता येतो का, असा प्रश्न आमच्याकडे आला. कुणी मागितला तरच द्यायचा, असं ठरलं. पहिल्या तिघांशी तो जुळत नव्हता आणि एक न जुळणारा फोटो आला की बघणारा बाकीच्यांवरही शंका घेतो.

यादी ठरल्यावर शेवटचा होकार त्याच व्यक्तीचा असावा जिचा फोटो आहे. अनोळखी माणसं निवड सुचवतात, पण हा फोटो परक्या घरांत फिरणार आहे. पुतणीला बागेतल्या फोटोतली बट सुरुवातीला खटकत होती. तिने दोन दिवस तो फोटो फोनवर ठेवला, मग हो म्हणाली. ती नाही म्हणाली असती तर आम्ही खिडकीजवळचा फोटो जवळून कापून वापरला असता.

पाठवण्याआधी

फोटोच्या कडा एकदा सावकाश पाहा. मागे घराचा क्रमांक, गाडीची नंबर प्लेट, ऑफिसचं ओळखपत्र, घरातली लहान मुलं असं काही येतंय का? आलं तर कापा. फोनने काढलेल्या फाइलमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाणही लपलेलं असू शकतं, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवली की तेही सोबत जातं. म्हणून मागवताना मूळ फाइल घ्या, पण स्थळाला पाठवताना शेअर करण्याच्या वेळी लोकेशन काढून टाकण्याचा पर्याय वापरा, किंवा एचडी दर्जा निवडून साधा फोटो म्हणून पाठवा. नातेवाइकांच्या मोठ्या गटात टाकण्यापेक्षा मध्यस्थाला थेट पाठवा आणि कोणाला दिला ते एका वहीत लिहून ठेवा.

फोटोखाली महिना आणि वर्ष लिहिण्याची सवय मला फार आवडते. "हा फोटो कधीचा?" हा प्रश्न समोरचे विचारू शकत नाहीत, पण त्यांच्या मनात असतो. चष्मा बदलला, दाढी ठेवली, केस कापले, वजनात डोळ्यांत भरेल असा फरक पडला की फोटो बदला आणि मध्यस्थाला जुना काढून टाकायला सांगा. तो न सांगता काढत नाही, आणि वर्षभराने जुना फोटो घेऊन नवं स्थळ दारात येतं.